‘व्यवस्थापनाने कळवल्यानुसार’

तुझा अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. १४२ पानं, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचे तक्ते, आणि निष्कर्ष असा की व्यवहाराला अडसर ठरेल असं काही आढळलं नाही. हा अहवाल मी अशिलाकडे पाठवलेला नाही आणि या रूपात पाठवणारही नाही. का, ते आता सांगते. वही उघड आणि लिहून घे, कारण हे दुसऱ्यांदा सांगणार नाही.

पानोपानी एक वाक्य येतं: ‘व्यवस्थापनाने कळवल्यानुसार’. व्यवस्थापनाने कळवल्यानुसार कोणताही महत्त्वाचा दावा प्रलंबित नाही. व्यवस्थापनाने कळवल्यानुसार सर्व परवाने वैध आहेत. अरे, हे व्यवस्थापन म्हणजे विकणारा माणूस. त्याने काय कळवलं हे आपल्या अशिलाला आधीच माहीत आहे, ते त्याला चहा पितानाच सांगितलं गेलं होतं. त्याने सांगितलेलं खरं आहे का, एवढ्यासाठीच अशील आपल्याकडे आला. आणि तू त्याचंच बोलणं स्वच्छ टाइप करून, वर आपल्या फर्मचं नाव घालून, त्याला परत देणार होतास.

तू काम कसं वाटलंस तेही मला कळलं. करार तू वाचलेस, खटल्यांची यादी तुझ्या सहकाऱ्याने पाहिली, आणि परवाने त्या नव्याने लागलेल्या मुलीकडे दिलेस, कारण परवाने म्हणजे तारखा तपासण्याचं काम असा तुझा समज. तिघांनी आपापला विभाग हिरवा रंगवला. तिघांपैकी एकानेही दुसऱ्याचं फोल्डर उघडलं नाही. या कंपनीतली सगळ्यात मोठी अडचण त्या तीन फोल्डरांच्या मधल्या जागेत आहे. ती मला डेटा रूममधल्याच कागदांतून सापडली. एकही कागद बाहेरून आणावा लागला नाही.

आता माझ्याबरोबर बघ. कंपनीचा कारखाना लोटे परशुरामच्या एमआयडीसीत, औषधांची इंटरमिजिएट्स बनवणारा. एकूण विक्रीच्या सुमारे साठ टक्के विक्री एकाच उत्पादनाची, आणि तेही जवळजवळ सगळं एकाच गिऱ्हाइकाला. त्या गिऱ्हाइकाबरोबरचा पुरवठा करार तू वाचलास. तुझ्या तक्त्यात मुदत, दर, दंडाची रक्कम, सगळं बरोबर उतरवलंय. करारात लिहिलंय की दरमहा किमान ३६ टन माल पुरवायचा. हा आकडाही तू उतरवलास आणि पुढे गेलास.

आता परवान्यांचं फोल्डर. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट टू ऑपरेट. मुदत अजून अडीच वर्षं शिल्लक, म्हणून हिरवा रंग. अरे, कन्सेंट म्हणजे नुसती तारीख नव्हे. जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ या दोन्हींखाली मिळणाऱ्या त्या एका कागदावर कुठलं उत्पादन दरमहा किती काढायचं, सांडपाणी रोज किती घनमीटर सोडायचं, इंधन कुठलं जाळायचं, धोकादायक कचरा किती आणि कुठे पाठवायचा, हे सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. दुसऱ्या पानावरच्या उत्पादनांच्या यादीत चौथी ओळ काढ. हेच उत्पादन, दरमहा २५ टन.

करार ३६ टनांचा. परवानगी २५ टनांची. हे दोन कागद एकाच डेटा रूममध्ये, दोन क्लिकच्या अंतरावर पडून होते.

यावर तू म्हणशील, कदाचित कंपनी प्रत्यक्षात २५ टनच बनवत असेल आणि उरलेला माल दुसऱ्याकडून घेऊन देत असेल. चांगला प्रश्न, पण तो प्रश्न तू विचारायला हवा होतास, आणि त्याचं उत्तरही तिथेच होतं. जीएसटीच्या विवरणपत्रांना जोडलेल्या बिलांची बेरीज कर. गेल्या वर्षी सरासरी दरमहा ३८ टन विकले गेलेत. त्या मालाची कुठूनही खरेदी नाही, कच्च्या मालाची खरेदी मात्र ३८ टनांच्या हिशेबाची आहे. आता फॉर्म पाच उघड. प्रत्येक कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत मंडळाला द्यायचं पर्यावरण विवरण. त्यात कंपनीने लिहिलंय, दरमहा सरासरी २४ टन. म्हणजे गिऱ्हाइकाला एक आकडा, जीएसटी खात्याला दुसरा आणि मंडळाला तिसरा. परवानगीपेक्षा जास्त उत्पादन हा एक दोष झाला. ते लपवण्यासाठी मंडळाला सही करून खोटं विवरण देणं हा त्याहून वाईट दोष. पहिला निष्काळजीपणातून होऊ शकतो, दुसरा जाणूनबुजूनच होतो. तिथे सही करणारा संचालक तोच आहे, ज्याने तुला ‘सर्व परवाने वैध आहेत’ असं कळवलं.

आता खटल्यांचं फोल्डर. कंपनीने तीन दाव्यांची यादी दिली, तुझ्या सहकाऱ्याने तीन दाव्यांचा गोषवारा लिहिला. शोध कसा घेतला असं मी त्याला विचारलं तर म्हणाला, ई-कोर्ट्सवर कंपनीच्या नावाने पाहिलं. कुठल्या नावाने? या कंपनीने २०१६ साली नाव बदललंय, नावबदलाचं प्रमाणपत्र डेटा रूममध्ये पहिल्याच फोल्डरात आहे. जुन्या नावाने शोध घेतलाच नाही. शिवाय करविषयक न्यायाधिकरणं, हरित न्यायाधिकरण, एनसीएलटी या प्रत्येकाची नोंद वेगळ्या जागी असते. एका संकेतस्थळावर एका नावाने शोधून ‘याखेरीज प्रलंबित खटले नाहीत’ असं लिहिणं म्हणजे घराचं एक दार वाजवून गावात कोणी राहत नाही असं सांगणं.

पण मी त्याच्यावर त्याहून जास्त रागावले आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. लेखापरीक्षकाच्या अहवालाला कारो २०२० खाली जोडलेलं परिशिष्ट असतं. त्याच्या सातव्या कलमात वादात असलेली सरकारी देणी लिहावी लागतात, रक्कम, वर्ष आणि वाद कुठल्या मंचापुढे आहे यांसकट. खटल्यांचा शोध घेताना मी पहिल्यांदा तो कागद उघडते, कारण तो विक्रेत्याच्या हातचा नाही, त्यावर तिसऱ्याच माणसाची सही आहे. तीन वर्षांची परिशिष्टं शेजारी शेजारी ठेव. पहिल्या दोन वर्षांत अबकारी कराचा एक जुना वाद आहे, अपील न्यायाधिकरणापुढे, रक्कम १ कोटी ८० लाख. तिसऱ्या वर्षी तो गायब. पैसे भरल्याची नोंद नाही, निकालाची प्रत नाही. वाद संपला असेल तर निकाल दाखवा म्हणावं, संपला नसेल तर यादीतून का गेला ते सांगा म्हणावं. एका वर्षी असलेली आणि पुढच्या वर्षी नसलेली ओळ ही चौकशीची सुरुवात असते. तू दोघांनाही फक्त शेवटच्या वर्षाचा ताळेबंद वाचायला सांगितलास.

आणि आता मुख्य कागद. कन्सेंटचं शेवटचं पान कुणीच वाचलं नाही, कारण ते बँक गॅरंटीचं कंटाळवाणं परिशिष्ट आहे. त्यात लिहिलंय की आधीची ५ लाखांची गॅरंटी जप्त केली आहे आणि आता १० लाखांची नवी द्यावी. कारण? ‘कारणे दाखवा नोटिशीचे समाधानकारक उत्तर न दिल्यामुळे’. म्हणजे नोटीस आली होती. ती नोटीस डेटा रूममध्ये नाही, खटल्यांच्या यादीत नाही आणि तुझ्या अहवालातही नाही. का नाही ते मला ठाऊक आहे. तू महत्त्वाची मर्यादा ५० लाख धरलीस आणि कंपनीला त्याच्यावरचे वाद मागितलेस. कारणे दाखवा नोटिशीत रक्कम नसते. ज्या कागदाने जल कायद्याच्या कलम ३३अ खाली कारखान्याचं पाणी, वीज आणि उत्पादन बंद होऊ शकतं, तो कागद तुझ्या मर्यादेखालून निसटला, कारण त्यावर रुपयांचा आकडा नव्हता. पैशाची मर्यादा पैशाच्या दाव्यांना लाव. परवाना, बंदीचा आदेश, फौजदारी तक्रार, मनाई हुकूम यांना ती कधीही लावायची नाही. हे लिहून घे.

आता तिन्ही कागद एकत्र आण आणि पुन्हा पुरवठा करार उघड. कलम १४ मध्ये पुरवठादाराने सर्व कायद्यांचं पालन करावं असं आहे, न केल्यास गिऱ्हाइकाला तीस दिवसांच्या सूचनेने करार संपवता येतो. ‘सर्वसाधारण कलम’ म्हणून तू त्यावरून नजर फिरवलीस. शिवाय कंपनीचा ताबा बदलला तर काय, याबद्दल कलम नाही असं तू लिहिलंस. आहे. ते ‘हस्तांतरण’ या मथळ्याखाली कलम १९ च्या पोटकलमात आहे: पुरवठादाराच्या भागभांडवलाचा निम्म्याहून जास्त हिस्सा दुसऱ्याकडे गेला तर तेही हस्तांतरण समजावं, आणि त्याला गिऱ्हाइकाची लेखी पूर्वसंमती हवी. तू मथळे वाचून कलम शोधलंस. करार लिहिणारा वकील तुझ्या सोयीसाठी मथळे देत नाही. म्हणजे ज्या गिऱ्हाइकावर साठ टक्के विक्री उभी आहे, त्याच्या हातात हा व्यवहार होताच करार मोडायच्या दोन चाव्या आहेत.

पैशात किती, ते तू काढायला हवं होतंस. अशिलाने किंमत २०० कोटी ठरवली, वार्षिक नफा २५ कोटी, त्याच्या आठपट. उत्पादन कायद्याने २५ टनांवर आणलं तर त्या उत्पादनाचा तिसरा हिस्सा जातो, म्हणजे एकूण विक्रीचा सुमारे पाचवा भाग. कारखान्याचा ठरावीक खर्च तसाच राहणार, म्हणून नफा त्याहून जास्त घसरेल, पण तोही पाचवा भागच धर. पाच कोटी कमी. आठपट म्हणजे ४० कोटी. एवढे जादा पैसे अशील बेकायदा टनांसाठी मोजणार होता आणि आपण त्या पानाला हिरवा रंग दिला.

तू म्हणशील, मग कंपनी घेऊन परवानगी वाढवून घेऊ. घेता येईल, पण हा रासायनिक उद्योग आहे. २००६ च्या अधिसूचनेखाली क्षमता वाढवायची तर आधी पर्यावरण मंजुरी लागते. प्रदूषणाचा भार वाढत नसेल तर काही बदलांना वेगळी वाट आहे, पण भार वाढत नाही हे आकड्यांनी सिद्ध करावं लागतं, आणि आपले आकडे तर आधीच खोटे दिलेत. झाल्यावर मंजुरी मागू ही सवय किती महाग पडते ते अंकलेश्वरच्या प्रकरणात बघ. २०२० च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलेम्बिक फार्मास्युटिकल्सच्या खटल्यात, मागाहून मंजुरी देणारं केंद्राचं परिपत्रक कायद्यात बसत नाही असं सांगितलं आणि तीन उद्योगांना प्रत्येकी १० कोटी रुपये भरायला लावले. कारखाने वर्षानुवर्षं चालू होते, गुंतवणूक झाली होती, म्हणून न्यायालयाने ते बंद केले नाहीत. पण भरपाई चुकली नाही.

शेअर विकत घेतले की कंपनी तीच राहते हे तुला पहिल्या वर्षी शिकवलंय. मालक बदलला म्हणून नोटीस बदलत नाही, जुनी देणी जात नाहीत, मंडळाचा इतिहास पुसला जात नाही. नव्या संचालकांना पहिल्याच दिवशी ३८ टनांचा कारखाना मिळतो आणि २५ टनांचा कागद.

आणि कृपा करून मला असं सांगू नकोस की विक्रेत्याच्या हमी आहेत, काही निघालं तर त्याच्याकडून वसूल करू. हे तू मागच्या बैठकीत म्हणालास आणि मी गप्प बसले, कारण अशील समोर होता. आता ऐक.

रॅनबॅक्सीचं प्रकरण तुम्हा सगळ्यांना नावाने माहीत असतं, पण क्रम कुणाला सांगता येत नाही. जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सँक्योने रॅनबॅक्सी घेण्याचा करार केला, शेअरमागे ७३७ रुपये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची रॅनबॅक्सीवर नजर आहे हे गुपित नव्हतं. पाओंटा साहिबच्या कारखान्याला २००६ मध्येच इशारापत्र गेलं होतं, २००७ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या कार्यालयाची झडती झाली होती. खरेदीदाराने विचारलं. पण २००४ सालचा कंपनीचाच एक अंतर्गत अहवाल, ज्यात अनेक देशांत दिलेल्या औषधांच्या माहितीतल्या बनवाबनवीचा पाढा होता, तो त्यांच्यापासून लपवला गेला. सप्टेंबर २००८ मध्ये, व्यवहार पूर्ण व्हायच्या आधीच, अमेरिकेने पाओंटा साहिब आणि देवास इथल्या कारखान्यांना इशारापत्रं दिली आणि तीसहून जास्त औषधांची आयात थांबवली. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये दाइचीच्या बाजूने निवाडा दिला, सुमारे २,५६२ कोटी रुपये आणि वर व्याज. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो मान्य केला. मग वसुली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही माजी प्रवर्तकांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. करारापासून तोवर चौदा वर्षं झाली होती, आणि मधल्या काळात दाइचीने रॅनबॅक्सी सन फार्माकडे सोपवून हात मोकळे केले होते. फसवणूक सिद्ध होऊनही, जिंकल्यावरही, ही अवस्था.

आणि दाइचीपासून तो कागद लपवलेला होता, हे विसरू नको. आपल्यापासून जादा उत्पादन लपवलेलं नाही. करार कायद्याच्या कलम १९ ला एक अपवाद आहे. चुकीच्या माहितीमुळे किंवा लबाडीच्या मौनामुळे संमती दिली गेली असली, तरी साध्या दक्षतेने सत्य शोधून काढायची साधनं त्या पक्षाकडे असतील, तर त्याला करार रद्द करता येत नाही. रॅनबॅक्सीच्या विक्रेत्यांनीही खरेदीदाराला आधीच कळायला हवं होतं असा बचाव मांडला होता. तिथे तो चालला नाही. इथे चालेल, कारण कन्सेंट डेटा रूममध्ये आहे, करार आहे, फॉर्म पाच आहे, बिलं आहेत. त्यात भर म्हणजे खरेदी कराराच्या मसुद्यात विक्रेत्याच्या वकिलाने शांतपणे एक ओळ घातलीय: डेटा रूममधलं सगळं खरेदीदाराला कळवलेलं समजावं. तू ती ओळ तशीच राहू दिलीस. ज्या दिवशी अशील त्या मसुद्यावर सही करेल, त्या दिवशी तू न वाचलेलं प्रत्येक पान त्याने वाचलं असं धरलं जाईल. इतके कागद त्यांनी चढवले ते उगाच नव्हे.

म्हणून हमीवर विसंबायचं नाही. जे सापडलंय त्यासाठी वेगळी, नाव घेऊन लिहिलेली नुकसानभरपाई हवी: परवानगीपेक्षा जादा उत्पादनातून, खोट्या विवरणातून आणि त्या नोटिशीतून उद्भवणारं प्रत्येक देणं विक्रेत्याचं, खरेदीदाराला आधी माहीत असलं तरीही. शेवटचे पाच शब्द गाळायचे नाहीत. ते नसले तर बाकीच्या ओळींचा उपयोग नाही. तिला आधार म्हणून किमतीतला ठरावीक हिस्सा एस्क्रोमध्ये राहील. गिऱ्हाइकाची लेखी संमती ही व्यवहार पूर्ण होण्याआधीची अट असेल, नंतर मिळवण्याचं आश्वासन नव्हे. आणि किंमत २५ टनांवर पुन्हा काढली जाईल. विक्रेता हे मान्य करत नसेल तर अशिलाला उठून जायचा सल्ला द्यायचा, आपली फी बुडाली तरी. आपल्याला फी त्यासाठीच मिळते.

जागेच्या भाडेपट्ट्याबद्दल तू एका ओळीत ‘९५ वर्षं, वैध’ लिहिलंस. भागधारक बदलले तर महामंडळ ते हस्तांतरण मानतं का, मानत असेल तर पूर्वसंमती आणि शुल्क काय, याचं उत्तर भाडेपट्टा आणि महामंडळाचे चालू नियम दोन्ही वाचून, पान क्रमांकासह दे.

आता अहवाल पुन्हा लिही. रंग काढून टाक. प्रत्येक निष्कर्षात चार गोष्टी हव्यात: काय आढळलं, कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर, त्याने पैशात किंवा कामकाजात किती फरक पडतो, आणि सही करण्याआधी काय करायचं. व्यवस्थापनाने काही सांगितलं असेल तर कुणी, कुठल्या तारखेला, आणि कुठल्या कागदाशी ते पडताळलं हे लिही. पडताळता आलं नाही तर तेही त्याच वाक्यात स्पष्ट लिही, तळटीपेत ढकलू नको. तिघं मिळून प्रत्येकाने दुसऱ्याचं फोल्डर वाचा. जो परवाने पाहील त्याच्या शेजारी पुरवठा करार उघडा असला पाहिजे.

विक्रेत्याला आजच प्रश्नांची यादी जाऊ दे: मूळ नोटीस, तिचं उत्तर, गॅरंटी जप्तीचा आदेश, अबकारी अपिलाची कागदपत्रं. खोट्या विवरणाचा प्रश्न त्यात लिहायचा नाही, तो अशिलाशी बोलून मी स्वतः समोरासमोर विचारेन. नव्या मुलीला घेऊन तू उद्या सकाळी चिपळूणला निघ. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात विक्रेत्याच्या अधिकारपत्राने फाइल बघायला माग. अधिकारपत्र द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथूनच मला फोन कर. मग कारखान्यात जा आणि रिअ‍ॅक्टर मोज. किती आहेत, किती लिटरचे आहेत, दिवसाला किती बॅचेस निघतात, ते पाळीच्या लॉगबुकातून उतरवून आण. कार्यालयात बसून चहा घेऊ नका, थेट प्लँटवर जा. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता ते आकडे माझ्या टेबलावर पाहिजेत.